‘ताई, एक विचारू?’ : पहिल्यांदाच मेंटर होणाऱ्यांसाठी

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मला आठ वर्षं झाली होती, तेव्हा मॅनेजर जाता जाता म्हणाला, “सोमवारी नवीन मुलगा येतोय. तू जरा बघ त्याला.” मेंटर म्हणून माझी नेमणूक झाली ती एवढ्यावरच. ‘जरा’ म्हणजे आठवड्याला किती तास, आणि ‘बघ’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी विचारलं नाही. त्याचा भुर्दंड पुढचे दोन महिने आम्ही दोघांनीही भरला. त्या मुलाबरोबरच्या सहा महिन्यांत मी काय केलं, काय चुकलं आणि आता कोणी नवीन आलं की काय करते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं सॉफ्टवेअरची आहेत, कारण मला तेवढंच येतं.

ज्युनिअरला भेटण्याआधी मॅनेजरला भेटा

पंधरा मिनिटं पुरतात. तीन गोष्टी विचारायच्या. एक, या कामासाठी माझ्या आठवड्यातले किती तास धरले आहेत? उत्तर ‘होईल गं ॲडजस्ट’ असं आलं, तर स्वतःच आकडा सांगा. मी आता सांगते, “पहिला महिना आठवड्याला तीन तास, पुढे दीड. तेवढं काम माझ्या स्प्रिंटमधून कमी करा.” दोन, त्याचं काम कोण ठरवणार आणि कोण तपासणार? ते मॅनेजरचं किंवा टीम लीडचं काम असेल, तर तसं स्पष्ट बोलून घ्या. तीन, आणि हा प्रश्न सर्वांत नाजूक: आमच्यात जे बोलणं होईल, त्यातलं तुम्हाला किती कळवायचं?

तिसऱ्या प्रश्नाचं माझं ठरलेलं उत्तर असं, की त्याच्या प्रगतीबद्दल काही विचारायचं असेल तर मॅनेजरने त्यालाच विचारावं. आम्ही भेटतो की नाही, एवढंच मी सांगेन. अप्रेझलच्या वेळी मेंटरकडून गुपचूप अभिप्राय मागायची पद्धत अनेक ठिकाणी असते. तुमच्याकडे ती असेल, तर पहिल्याच भेटीत ज्युनिअरला सांगून टाका. नंतर ते त्याला दुसऱ्याकडून कळलं, तर तो तुमच्याशी हवा-पाण्याशिवाय काहीही बोलणार नाही.

पहिली भेट

पाऊण तास ठेवा. मीटिंग रूमपेक्षा कँटीनचा कोपरा बरा, पण चार ओळखीचे लोक येऊन बसणार नाहीत असा. पहिल्या भेटीत काम शिकवायला घेऊ नका.

आधी भाषेचं ठरवा. आमचा मुलगा लातूरकडचा, पुण्यात येऊन तीन आठवडे झालेले. मी सवयीने इंग्रजीत सुरुवात केली आणि तो ‘येस मॅम, शुअर मॅम’वर अडकला. मराठीत बोलू म्हटल्यावर पहिल्यांदा त्याचं पूर्ण वाक्य ऐकू आलं. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहतात, पण ‘मला भीती वाटली’ हे माणूस आपल्या भाषेत जितकं सहज म्हणतो, तितकं शिकलेल्या भाषेत म्हणत नाही. तुमचा ज्युनिअर बंगाली किंवा तमिळ असेल, तर त्याला सोपी पडेल ती भाषा त्याला विचारा, आणि टीममधल्या इतर कोणाला वगळल्यासारखं वाटणार नाही हेही पाहा.

मग हाक मारण्याचं. ‘मॅडम’वरून तो आठवड्याभरात ‘ताई’वर आला आणि मला ते आवडलं. पण ताई म्हटलं की नातं येतं, आणि नात्याला ऑफिसची वेळ नसते. ताईला रात्री अकराला फोन केला तर चालतो, ताईकडे पैसे मागता येतात, ताई आपली बाजू घेऊन भांडते. तुम्हाला ताई किंवा दादा म्हणवून घ्यायचं असेल, तर जरूर घ्या. फक्त त्या हाकेबरोबर काय येतं आणि काय येत नाही, ते त्याच दिवशी बोला.

मी आता पहिल्या भेटीत साधारण असं सांगते: “दर बुधवारी साडेचारला आपण अर्धा तास भेटायचं, सहा महिने. त्या वेळात काय बोलायचं ते तू ठरवायचं. इथलं बोलणं मी बाहेर नेणार नाही, पण दोन अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा ग्राहकांचा डेटा बाहेर जात असेल. मी तुझी बॉस नाही, त्यामुळे तुझी सुट्टी, पगार, प्रोजेक्ट यातलं काही माझ्या हातात नाही. आणि सहा महिन्यांत आपलं जमत नाहीये असं वाटलं, तर दोघांपैकी कोणीही तसं म्हणू शकतो.” हे बोलताना मला अवघडल्यासारखं होतं. पहिल्या मुलाच्या वेळी तेवढ्यासाठीच मी हे टाळलं होतं.

ऐकायचं म्हणजे हाताने, कानाने काय करायचं

‘नीट ऐका’ हे सांगणं सोपं असतं. मी स्वतःला चांगली श्रोती समजत होते. तिसऱ्या भेटीनंतर सहज अंदाज लिहून काढला, तर तीस मिनिटांपैकी वीसेक मिनिटं मीच बोलले होते. तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या.

पहिली दहा मिनिटं त्याची. लॅपटॉप बंद, फोन पालथा, वही उघडी. वहीत त्याचे शब्द लिहायचे, आपलं उत्तर नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण समोरचा बोलत असताना मनात उत्तर तयार व्हायला लागलं की शेवटचं वाक्य ऐकू येत नाही, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा शेवटच्या वाक्यात असते.

तो थांबला की मनात सातपर्यंत मोजायचं. सात सेकंद फार लांब वाटतात. चौथ्या-पाचव्या सेकंदाला तो पुन्हा बोलायला लागतो आणि बऱ्याचदा सुरुवात करतो, ‘म्हणजे खरं तर…’

‘का’ने सुरू होणारा प्रश्न टाळायचा. मराठीत ‘असं का केलंस?’ हा प्रश्न नसतोच, ती ओरडण्याची सुरुवात असते. शाळेपासून आपण तो तसाच ऐकलेला आहे. त्याऐवजी ‘तेव्हा तुझ्यासमोर स्क्रीनवर काय होतं?’ किंवा ‘ते करण्याआधी तुझ्या मनात काय चाललं होतं?’ असं विचारलं की माणूस बचावाला न बसता आठवायला लागतो.

आणि आपल्याकडचा ‘हो’ ओळखायला शिका. एक हो म्हणजे कळलं. दुसरा हो म्हणजे ऐकू आलं. तिसरा, ‘हो हो हो’ असा घाईचा, म्हणजे कळलेलं नाही पण कृपा करून पुढे चला. या तिसऱ्यावर ‘नक्की कळलं ना?’ विचारून उपयोग नाही, चौथा हो मिळतो. ‘बरं, मग आता जागेवर गेल्यावर पहिली गोष्ट काय करशील?’ असं विचारा. उत्तर आलं तर कळलं आहे.

सल्ला द्यायच्या आधी परवानगी घ्यायची सवय मला सर्वांत जड गेली. “आत्ता नुसतं ऐकून घेऊ, की मिळून उपाय शोधायचा?” हे वाक्य मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवलंय. निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘नाही, नुसतं सांगायचं होतं.’

एक प्रसंग, पहिल्यापासून

तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे एक छोटं काम होतं. बिल तयार झालं की ग्राहकाला ई-मेल जावा. अंदाज दोन दिवसांचा, पण पाच दिवस उलटले. रोजच्या स्टँडअपमध्ये तो म्हणायचा, ‘चालू आहे, उद्या होईल.’ बुधवारी मी विचारलं, काय अडलंय? तो म्हणाला, “ताई, मला वाटतं माझं जावा अजून पक्कं नाही.” आणि मी सुटले. वीस मिनिटं जावा कसं पक्कं करावं यावर बोलले, दोन कोर्सची नावं दिली, माझ्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगितली. तो ‘हो हो हो’ म्हणाला. पुढच्या बुधवारपर्यंत काम तिथेच.

दुसऱ्या वेळी मी वेगळं विचारलं: “सोमवारी सकाळी लॅपटॉप उघडल्यापासून काय काय झालं, ते मला क्रमाने सांग. मी मध्ये बोलत नाही.”

क्रमाने सांगितल्यावर निघालं ते असं. कोड मागच्या मंगळवारी दुपारीच लिहून झाला होता. पण टेस्ट डेटाबेसचा ॲक्सेस त्याच्याकडे नव्हता. ॲक्सेसच्या फॉर्मला मॅनेजरची मंजुरी लागते आणि मॅनेजर रजेवर होता. दुसऱ्या कोणाला विचारणं म्हणजे मॅनेजरची तक्रार केल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. मग त्याने न तपासताच पुल रिक्वेस्ट टाकली. तिच्यावर एका सिनिअरने एकाच शब्दाची कमेंट केली, ‘व्हाय?’ ती वाचून हा दोन दिवस गप्प. जावाचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता.

इथे माझा हात कीबोर्डकडे गेला होता. डेटाबेस सांभाळणारा माझा जुना मित्र, एका मेसेजमध्ये काम झालं असतं. पण मग पुढच्या वेळीही तो माझ्याकडेच आला असता. मी विचारलं, “मॅनेजर नसताना मंजुरी कोण देऊ शकेल, असं तुला वाटतं?” थोडा वेळ गेला. मग त्याने स्वतःच टीम लीडचं नाव घेतलं. मेसेज त्याने लिहिला, अकरा ओळींचा, त्यातल्या चार ओळी माफी मागण्याच्या. “यातलं त्यांना नक्की काय कळायला हवं?” असं विचारल्यावर तीन ओळी राहिल्या: काय काम आहे, कशाचा ॲक्सेस हवा, कधीपासून अडलंय. दीड तासात ॲक्सेस मिळाला.

‘व्हाय’चं मात्र मी सरळ सांगितलं, कारण ती माहिती त्याच्याकडे असणं शक्यच नव्हतं. तो सिनिअर सगळ्यांनाच असं लिहितो, मलाही. रागावलेला नसतो, जाऊन विचार. तो गेला. प्रश्न चांगलाच होता: बिल साठवणं आणि ई-मेल पाठवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये का ठेवलंय? मेल सर्व्हर मंद झाला तर बिलंही अडकतील. ते बदलायला त्याला अर्धा दिवस लागला.

या प्रसंगात मी दोन ठिकाणी वेगळी वागले, आणि दोन्ही बरोबरच होतं असं मला वाटतं. जे तो विचार करून शोधू शकत होता, तिथे मी प्रश्न विचारला. जे ऑफिसात वर्षानुवर्षं राहिल्यावरच कळतं, ते सांगून टाकलं. कोण कसा आहे, कोणत्या फॉर्मला किती दिवस लागतात, रिलीजच्या आदल्या दिवशी कोणाला काही विचारू नये, अशा गोष्टींवर ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसणं म्हणजे छळ आहे.

जिथे ऐकत बसायचं नाही

एकदा त्याने डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये तसाच ठेवून तो रिपॉझिटरीत ढकलला. अशा वेळी ‘यातून काय होऊ शकेल?’ असले प्रश्न नकोत. “थांब. आत्ता टीम लीडला सांग, पासवर्ड बदलावा लागेल. नुसती ती ओळ काढून पुन्हा कमिट केलं तर जुना कमिट इतिहासात राहतो,” असं लगेच सांगायचं. चूक निस्तरेपर्यंत आदेश द्यायचा, आणि हे कसं घडलं ते दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकायचं. प्रॉडक्शन, ग्राहकांचा डेटा आणि कायदा, या तिन्ही बाबतींत मी आधी बोलते.

मर्यादा कशा घालायच्या, आणि कोणत्या शब्दांत

मर्यादा मोडल्यावर घातली तर ती शिक्षा वाटते. मी पहिले दीड महिने रात्री दहाच्या मेसेजला दहा वाजून दोन मिनिटांनी उत्तर देत होते आणि मग एक दिवस चिडून दोन दिवस उत्तरच दिलं नाही. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. चूक माझी होती.

आता ठरलेलं असतं. मेसेज कधीही टाकलेला चालेल, उत्तर कामाच्या दिवशी दहा ते सातमध्ये मिळेल. रात्री प्रॉडक्शन बंद पडलं तर त्या आठवड्यात ऑन-कॉल जो असेल त्याला फोन, मला नाही. कोड अडला तर आधी अर्धा तास स्वतः झगडायचं, मग काय केलं आणि काय दिसलं हे लिहून विचारायचं, आणि ते शक्यतो माझ्या इनबॉक्समध्ये नाही तर टीमच्या चॅनलवर. याने माझा वेळ वाचतोच, पण मी नसेन तेव्हाही चालेल अशी ओळख त्याची टीमशी होते. आणि त्याच्या कीबोर्डला मी हात लावत नाही. शेजारी बसते, बोटाने दाखवते.

पैशांचा प्रसंग आला तेव्हा मी गडबडले. खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं, त्याने पाच हजार मागितले. मी दिले. त्याने परतही केले, पण मधले दोन पगार तो बुधवारची भेट काही ना काही कारणाने टाळत राहिला. ज्याचे पैसे द्यायचे आहेत, त्याच्यासमोर कोण मन मोकळं करतो? आता मी म्हणते, “मी मेंटर असेपर्यंत पैशांचा व्यवहार ठेवत नाही, तुझ्याशीच नाही, कोणाशीच. एचआरकडे पगारातून ॲडव्हान्सची सोय आहे का, ते विचारून ये.” कारणं देत बसायचं नाही. वाक्य पुरं झालं की थांबायचं.

मॅनेजरविषयी गाऱ्हाणं आलं तर ऐकते, मान डोलावत नाही. ‘हो, तो तसाच आहे’ हे माझ्या तोंडून निघालं की संध्याकाळपर्यंत ‘ताईपण तेच म्हणाली’ होतं. मी त्याच्या वतीने मॅनेजरकडे जात नाही. हवं असेल तर तो मॅनेजरशी काय बोलणार आहे, त्याची तालीम आम्ही बुधवारी करतो. मी मॅनेजर होते, तो बोलतो. त्यात मजाही येते.

काही गोष्टी मात्र मेंटरच्या कुवतीबाहेरच्या असतात. तुमची ज्युनिअर मुलगी असेल आणि कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असल्याचं तिने सांगितलं, तर चौकशी करू नका, समोरच्याला जाऊन जाब विचारू नका आणि ‘सोडून दे’ तर मुळीच म्हणू नका. २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार लेखी आणि साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, आणि समितीला ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवता येते. एवढी माहिती द्या, तारखा आणि मेसेज जपून ठेवायला सांगा, लिहिताना सोबत हवी का ते विचारा. तक्रार करायची की नाही, हे ती ठरवेल.

तसंच झोप उडणं, जेवण सुटणं, ‘जगण्यातच काही नाही’ अशी भाषा. तिथे सरळ शब्दांत विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तिथेच बसून फोन लावायला मदत करा. उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला बोलवा आणि गरज पडली तर थेट हॉस्पिटल गाठा. पहिल्या भेटीत सांगितलेला अपवाद तो हाच. आपण समुपदेशक नाही, हे एरवी लक्षात ठेवायचं.

बिघडतंय हे कसं कळतं

तो फक्त झालेल्या कामांची यादी घेऊन येऊ लागला, तर तुम्ही त्याच्या लेखी मॅनेजर झाला आहात. प्रत्येक व्हेरिएबलचं नावही तुम्हाला विचारू लागला, तर तुम्ही उत्तरं फार पटकन देता आहात. बुधवार जवळ आला की तुमच्याच कपाळाला आठ्या पडत असतील, तर कुठली तरी मर्यादा बोलायची राहून गेली आहे, ती शोधा. आणि लागोपाठ तीन भेटी रद्द झाल्या, मग त्या कोणीही केलेल्या असोत, तर चौथ्या भेटीचा विषय तोच. “आपलं जमतंय का?” असं मी त्याला पैशांच्या प्रकरणानंतर विचारलं. बराच वेळ गेला. मी सातच्या पुढे मोजत राहिले. मग त्याने डिपॉझिटचं सांगितलं.

संपवताना

सहा महिने झाले की संपवा. ‘बघू, चालू ठेवू’ म्हटलं की भेटी आपोआप विरत जातात आणि दोघांनाही अपराधी वाटत राहतं. शेवटच्या भेटीत मी जुनी वही नेते. पहिल्या महिन्यातले त्याचेच शब्द त्याला वाचून दाखवते आणि विचारते, माझं कोणतं बोलणं उपयोगी पडलं आणि कोणतं वाया गेलं. उत्तर वहीत लिहून घेते, त्यावर सफाई देत नाही.

आमचा मुलगा म्हणाला, जावावरचे ते दोन कोर्स त्याने कधी उघडलेच नाहीत. मी ते लिहून घेतलं. मग त्याने सांगितलं, की पुढच्या आठवड्यात नांदेडहून एक मुलगी टीममध्ये येतेय आणि मॅनेजर त्याला म्हणालेत, ‘तू जरा बघ तिला.’

“मग तू काय म्हणालास?”

“विचारलं, जरा म्हणजे आठवड्याला किती तास?”